लोकलमध्ये सतत फोन घ्यावे लागत असतील तर: वायरचा इयरफोन, नेकबँड की बड्स?

दुकानात इयरफोन पसंत करताना आपण तो कानाला लावतो, एखादे गाणे लावून पाहतो आणि आवाज भरदार वाटला की पैसे देतो. गाण्यासाठी ही रीत पुरेशी आहे. ज्याला रोज लोकलच्या गर्दीतून दहा-पंधरा फोन घ्यावे लागतात, त्याच्या इयरफोनची खरी परीक्षा मात्र त्याच्या कानात होत नाही. ती पलीकडच्या माणसाच्या कानात होते. आपल्याला सगळे स्वच्छ ऐकू येत असते आणि पलीकडचा माणूस मात्र गाडीचा खडखडाट, शेजारच्यांच्या गप्पा आणि मधूनमधून तुटणारे आपले शब्द ऐकत असतो. म्हणून या लेखात इयरफोनच्या माइकचा विचार आधी आणि कानातल्या आवाजाचा विचार नंतर केला आहे.

उदाहरण माझ्या भाच्याचे घेतो. तो डोंबिवलीला राहतो आणि दादरला एका औषध वितरकाकडे ऑर्डरींचे काम पाहतो. सकाळी डोंबिवलीहूनच सुटणारी लोकल पकडत असल्यामुळे त्याला बहुधा बसायला मिळते. संध्याकाळी दादरला मात्र नुसते आत शिरायला मिळाले तरी पुष्कळ. एकदा त्याने संध्याकाळच्या गाडीतून ‘आठ खोकी’ सांगितली आणि गोदामातल्या माणसाने ‘साठ खोकी’ लिहून घेतली. तेव्हापासून तो इयरफोनचा विषय गांभीर्याने घेऊ लागला.

पहिली पायरी: दोन दिवसांचा हिशेब

खरेदीआधी दोन दिवस फक्त नोंद ठेवावी. फोनच्या कॉल-यादीत प्रत्येक कॉलची वेळ आणि कालावधी असतोच. त्यापुढे आपण त्या वेळी बसलो होतो, मध्ये उभे होतो की दाराजवळ होतो, आणि एक हात मोकळा होता का, एवढेच लिहावे. भाच्याच्या नोंदीत सकाळी सात आणि संध्याकाळी आठ कॉल निघाले. प्रत्येकी सरासरी तीन मिनिटे धरली तर गाडीतले बोलणे पाऊण तासाचे झाले. दिवसभरात कार्यालयातून आणखी दीड तास बोलणे होत होते, म्हणजे एकूण सव्वादोन तास. सकाळच्या सातही कॉलांच्या वेळी तो बसलेला होता आणि हात मोकळा होता. संध्याकाळच्या आठांपैकी सहा वेळा एक हात वरच्या कडीत आणि दुसरा पोटाशी धरलेल्या बॅगेवर होता. ही शेवटची ओळ पुढे निवडीत सर्वांत उपयोगी पडली, कारण वायरच्या इयरफोनचा सगळा फायदा मोकळ्या हातावर अवलंबून असतो.

दुसरी पायरी: फोनला काय जोडता येते ते पाहणे

वायरचा इयरफोन घ्यायचा विचार असेल तर फोनला ३.५ मिलिमीटरचे गोल भोक आहे का हे आधी पाहावे. आयफोनमधून ते २०१६ साली आयफोन ७ पासून गेले, आणि आता कितीतरी अँड्रॉइड फोनांतही ते नसते. गोल भोक असेल तर प्रश्न सोपा आहे. इयरफोनच्या पिनवर तीन काळ्या किंवा पांढऱ्या रेघा असाव्यात, कारण दोनच रेघा असलेल्या पिनेत माइकची जोडणी नसते. जुन्या काळच्या काही इयरफोनांत माइक आणि अर्थिंगच्या जागा आताच्या फोनांच्या मानाने उलट असतात. असा इयरफोन लावला की गाणे पोकळ, गायकाचा आवाज मागे गेल्यासारखे वाटते आणि माइक चालत नाही. ही खूण दिसली तर तो इयरफोन परत करावा, फोन बिघडला असे समजू नये.

टाइप-सी भोकात जोडायच्या इयरफोनांत दोन जाती आहेत. एकीत फोनकडून आलेल्या डिजिटल माहितीचा आवाज करणारी लहानशी चिप पिनेतच बसवलेली असते. दुसरीत ती नसते आणि फोनने स्वतः तो आवाज तयार करून द्यावा अशी अपेक्षा असते, जी पुष्कळ फोन पूर्ण करत नाहीत. दुसऱ्या जातीचा इयरफोन अशा फोनला लावला तर काहीच घडत नाही आणि आवाज फोनच्या स्पीकरमधूनच येत राहतो. गोल पिनेचा इयरफोन टाइप-सीला जोडणाऱ्या स्वस्त जोडण्यांचेही असेच असते. म्हणून दुकानात स्वतःच्या फोनला लावून, गाणे नव्हे तर कॉल करून पाहावा. टाइप-सी इयरफोन लावला की त्याच भोकातून पॉवर बँक जोडता येत नाही, हेही संध्याकाळी बॅटरी संपत आलेल्यांनी ध्यानात ठेवावे.

तिसरी पायरी: माइक तोंडापासून किती लांब आहे

गोंगाटात बोलणे स्पष्ट जाण्याचा सर्वांत जुना आणि सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे माइक तोंडाजवळ आणणे. अंतर निम्मे केले की माइकवर पोहोचणारा आपला आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो आणि डब्यातला गोंगाट मात्र आहे तेवढाच राहतो. वायरवरचा माइक साधारणपणे हनुवटीच्या खाली, तोंडापासून १२ सेंटिमीटरवर लोंबतो. तो दोन बोटांत धरून ३ सेंटिमीटरवर आणला तर अंतर दोनदा निम्मे झाले, म्हणजे १२ डेसिबलचा फायदा झाला. हा फायदा कोणत्याही बॅटरीविना मिळतो आणि तीन-चारशे रुपयांच्या इयरफोनमध्येही मिळतो. माइक थेट ओठांसमोर मात्र धरू नये, कारण ‘प’, ‘फ’, ‘भ’ उच्चारताना निघणारी हवा त्यावर आपटते. तो ओठांच्या कोपऱ्याशी, गालाला लागून धरावा.

बड्समध्ये ही सोय नाही. त्यांचा माइक कानाशी असतो आणि तो तिथेच राहणार. त्यामुळे बड्स बनवणारे दुसरा मार्ग घेतात: प्रत्येक कळीत दोन किंवा अधिक माइक बसवायचे, कोणता आवाज तोंडाच्या दिशेने येतो हे त्यांच्यातल्या सूक्ष्म कालांतरावरून ओळखायचे आणि बाकीचा आवाज गणिताने कमी करायचा. खाली दांडी असलेल्या बड्सचा माइक तोंडाकडे दोन-तीन सेंटिमीटर अधिक सरकलेला असतो, म्हणून बोलण्यासाठी त्या घडणीला थोडे झुकते माप द्यावे. काही महाग बड्समध्ये बोलताना हाडांतून जाणारे कंपन टिपणारा संवेदकही असतो आणि गोंगाटात त्याचा खरोखर उपयोग होतो.

या गणिताच्या मर्यादा लोकलमध्ये पटकन उघड्या पडतात. चाकांचा आणि पंख्यांचा एकसारखा घुमणारा आवाज ते बऱ्यापैकी काढून टाकते, परंतु माणसाचा आवाज त्याला माणसाचाच वाटतो. शेजारी भजनी मंडळ रंगात आले असेल किंवा कोणी मोठ्याने भांडत असेल, तर ते आवाजही पलीकडे जातात. गोंगाट फारच वाढला की यंत्रणा गोंगाटाबरोबर आपले शब्दही कापू लागते आणि पलीकडच्याला आपण पाण्याखालून बोलत असल्यासारखे ऐकू येते. दारातल्या वाऱ्याचे दुखणे आणखी वेगळे आहे. वारा माइकच्या भोकावरच आपटत असल्यामुळे तो कोणत्याही एका दिशेने आलेला आवाज ठरत नाही, आणि मग चार माइकही हतबल होतात. दाराजवळ उभे राहून महत्त्वाचा कॉल घेऊ नये, हा नियम इयरफोन कितीही महाग असला तरी लागू राहतो.

येथे खोक्यावरच्या दोन शब्दांची गल्लत सोडवणे आवश्यक आहे. ‘एएनसी’ म्हणजे आपल्या कानात येणारा गोंगाट कमी करणारी यंत्रणा. तिचा पलीकडच्या माणसाशी संबंध नाही. आपल्या माइकमधून पलीकडे जाणारा गोंगाट कमी करणाऱ्या यंत्रणेला बहुतेक कंपन्या ‘ईएनसी’ म्हणतात. विक्रेते दोन्हींना ‘नॉइज कॅन्सलेशन’ म्हणून मोकळे होतात. कॉलसाठी घेणाऱ्याने ईएनसीबद्दल विचारावे. एएनसी मिळाली तर ठीक, नाही तरी अडत नाही.

चौथी पायरी: ब्लूटूथवर बोलताना आवाज का बदलतो

बड्सवर गाणे सुंदर वाजते आणि कॉल आला की तोच आवाज टेलिफोन बूथमधल्यासारखा होतो, अशी तक्रार नव्याने घेणारे हमखास करतात. तो बिघाड नाही. नेहमीच्या ब्लूटूथवर गाणे एकाच दिशेने, फोनकडून कानाकडे जाते. कॉलमध्ये आवाज दोन्ही दिशांनी जायचा असल्यामुळे उपकरण वेगळ्या, अरुंद पद्धतीवर उतरते. त्यातल्या जुन्या पद्धतीत सुमारे ३,४०० हर्ट्झच्या वरचे सगळे गळून पडते. नव्या पद्धतीत, जिला वाइडबँड किंवा एचडी व्हॉइस म्हणतात, सुमारे ७,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज जातो. मराठी बोलणाऱ्याला हा फरक आकड्यांत जाणवतो. ‘स’, ‘श’, ‘थ’, ‘फ’ यांची ओळख पटवणारा बराचसा भाग त्या वरच्या पट्ट्यात असतो. तो गेला की ‘साठ’मधला ‘स’ पुसट होतो, ‘आठ’ आणि ‘साठ’ जवळजवळ सारखे ऐकू येतात आणि ‘एकोणसाठ’-‘एकोणसत्तर’ यांत घोळ होतो. वायरच्या इयरफोनमध्ये ब्लूटूथचा हा अरुंद बोळ मुळातच नसतो, त्यामुळे मोबाइल नेटवर्क जेवढे रुंद, तेवढा आवाज जातो. बिनवायरचे घेताना वाइडबँड कॉलची सोय आहे का, हे अवश्य पाहावे.

दुसरा प्रश्न तुटण्याचा. ब्लूटूथच्या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास असतात आणि माणसाच्या शरीरातले पाणी त्या चांगल्याच शोषून घेते. फोन मागच्या खिशात, बोलणारी कळी विरुद्ध बाजूच्या कानात आणि चारी बाजूंनी माणसे दाटलेली, अशी अवस्था दादरला दररोजच असते. त्यावर उपाय साधा आहे: फोन छातीच्या खिशात किंवा पुढे घेतलेल्या बॅगेच्या वरच्या कप्प्यात, आणि ज्या कानात कळी आहे त्याच बाजूला ठेवावा. खिसेकापूंच्या दृष्टीनेही तीच जागा बरी.

पाचवी पायरी: चालत्या गाडीत परीक्षा

शक्य असेल तर मित्रांकडून एक वायरचा इयरफोन, एक नेकबँड आणि एक बड्सची जोडी दोन दिवसांसाठी मागून घ्यावी. व्हॉट्सॲपचा व्हॉइस मेसेज रेकॉर्ड करून परीक्षा होत नाही, कारण ब्लूटूथ जोडलेले असूनही पुष्कळदा फोन स्वतःच्याच माइकवर तो टिपतो. खरा कॉलच करावा आणि पलीकडच्या माणसाला कागद-पेन घेऊन बसायला सांगावे. त्याला ठाऊक नसलेला एक दहा आकडी क्रमांक आणि तीन ओळींचा मजकूर एकदाच, नेहमीच्या आवाजात वाचावा. त्याने पुन्हा विचारायचे नाही, जे ऐकू आले ते लिहायचे. ‘आवाज कसा येतोय?’ या प्रश्नाला सगळेच ‘ठीक’ म्हणतात; कागद मात्र भीड बाळगत नाही.

भाच्याने ही परीक्षा बसून, मध्ये उभे राहून आणि दाराजवळ अशा तीन ठिकाणी केली. पलीकडे माझी बहीण होती. बसलेला असताना, माइक बोटांत धरून वायरच्या इयरफोनवर सांगितलेले सगळे आकडे बरोबर उतरले. तोच इयरफोन उभे राहून, माइक मोकळा सोडून वापरला तेव्हा दहापैकी दोन आकडे चुकले आणि माइक शर्टच्या कॉलरला घासल्याची खरखर बहिणीला सतत ऐकू आली. नेकबँडवर उभ्याने एक आकडा चुकला. बड्सवर उभ्याने सगळे आकडे बरोबर आले, पण मजकुरातले दोन शब्द मध्येच गिळले गेले. दाराजवळ तिन्ही सारखेच निरुपयोगी ठरले. एका माणसाची ही एका दिवसाची परीक्षा आहे. तुमच्या आवाजाला आणि तुमच्या डब्याला निकाल थोडा वेगळा लागेल, म्हणूनच ती स्वतः करायची.

कधी दोष इयरफोनचा नसून नेटवर्कचा असतो. आवाज तुटू लागला की कॉल न तोडता आवाज ब्लूटूथवरून फोनवर घ्यावा आणि फोन कानाला लावावा. तरीही तुटत असेल तर नेटवर्क, सुधारला तर ब्लूटूथ.

सहावी पायरी: बॅटरी आणि कान

वायरच्या इयरफोनला बॅटरीचा प्रश्नच नाही. बड्सच्या एका कळीतली बॅटरी साधारण ४० एमएएचच्या आसपास असते, नेकबँडमध्ये तिच्या चार-पाच पट मावते. खोक्यावर छापलेले तास बहुधा गाण्याचे असतात. माइक आणि गोंगाट कमी करणारी यंत्रणा चालू असताना ते बरेच उतरतात, म्हणून त्यांच्या निम्मे धरून हिशेब करणे सुरक्षित. सहा तास लिहिलेले बड्स तीन तास बोलू देतील असे धरले, तर भाच्याचे सव्वादोन तास आज बसतात, परंतु दोन वर्षांनी बॅटरी थकल्यावर बसणार नाहीत आणि कळीतली बॅटरी बदलून मिळत नाही. यावर एक युक्ती आहे: एका वेळी एकच कळी वापरावी आणि दुसरी डबीत चार्ज होऊ द्यावी.

एका कानाने बोलण्याचे आणखी दोन लाभ आहेत. दुसरा कान उघडा राहिल्यामुळे प्लॅटफॉर्म बदलल्याची घोषणा आणि गाडीचा भोंगा ऐकू येतो. रूळ किंवा गर्दीचा फलाट असताना तर दोन्ही कान बंद ठेवूच नयेत. शिवाय दोन्ही कान रबरी टोकांनी बंद झाले की आपलाच आवाज आपल्याला नीट ऐकू येत नाही, मग आपण नकळत ओरडून बोलतो आणि आपल्या हप्त्यांचा तपशील सगळ्या डब्याला कळतो. बसून दीर्घकाळ ऐकायचे असेल तेव्हा मात्र दोन्ही कानांत घट्ट बसणारी टोके चांगली, कारण बाहेरचा गोंगाट अडला की आवाज कमी ठेवता येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापानुसार ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकणे सुरक्षित मानले जाते, तर ९० डेसिबलला ती मर्यादा अवघ्या ४ तासांवर येते.

निवड

ज्याला बहुतेक वेळा बसायला मिळते त्याने वायरचाच इयरफोन घ्यावा. कॉलच्या स्पष्टतेत त्याच्या तोडीचे काही मिळवायला बरेच अधिक पैसे लागतात. वायर शर्टाच्या आतून घ्यावी, म्हणजे उतरताना ती कोणाच्या बॅगेत अडकून फोनसकट खेचली जात नाही. जो बहुतेक वेळा उभा असतो त्याला मी आधी नेकबँड सुचवतो. तो गर्दीत कानातून निसटला तरी गळ्यात राहतो; बडची कळी निसटली तर ती फलाट आणि गाडी यांच्यामधल्या फटीतून थेट रुळावर जाते. नेकबँड घेताना माइकचे बारीक भोक कुठे आहे ते शोधावे. ते मानेवरच्या पट्टीत असेल तर तोंडापासून लांब आणि कॉलरला चिकटून राहते. लोंबणाऱ्या वायरवरच्या बटणांजवळ असेल तर गरज पडल्यास तो भाग उचलून तोंडाशी नेता येतो. दुसराच प्रकार घ्यावा. बड्स त्यांनी घ्यावेत ज्यांचे गाडीतले कॉल थोडे आणि कार्यालयातले जास्त आहेत, आणि ज्यांना लॅपटॉप व फोन दोन्हींना एकाच वेळी जोडलेले राहायचे आहे. अशा जोडणीत कधीकधी कॉल गाडीत उचलला जातो आणि बॅगेत उघडाच राहिलेला लॅपटॉप मध्येच आवाज ओढून घेतो. म्हणून निघताना लॅपटॉपचे ब्लूटूथ बंद करावे.

भाच्याने वायरवर माइक असलेला नेकबँड घेतला आणि जुना वायरचा इयरफोन सकाळसाठी बॅगेत तसाच ठेवला. आकडे तो आता फोडून सांगतो: ‘साठ, सहा-शून्य.’

वापरात येणारे बिघाड

वायरचा इयरफोन बहुधा पिनेच्या मुळाशी तुटतो. तिथे वायर हळूच वाकवल्यावर एका कानाचा आवाज येऊ-जाऊ लागला तर तो संपला असे समजावे. काटकोनात वळलेली पिन असलेला घेतल्यास खिशात ती कमी वाकते. पिन पूर्ण आत जात नसेल तर भोकात खिशातली लव साठलेली असते, ती फोन बंद करून लाकडी टूथपिकने अलगद काढावी. बड्सची एकच कळी चार्ज होत नसेल तर तिच्या आणि डबीतल्या पितळी टिकल्या कोरड्या कापडाने पुसाव्यात. पलीकडच्याला आवाज हळूहळू मंद येऊ लागला असेल तर माइकच्या भोकात मळ बसलेला असतो. तो मऊ, कोरड्या ब्रशने काढावा, सुई घालू नये. पावसाळ्यात आयपीएक्स४ असे लिहिलेले बड्स घाम आणि शिंतोडे सोसतात, पण त्यांची डबी सहसा सोसत नाही, आणि ओल्या कळ्या डबीत ठेवल्या की टिकल्या गंजतात. त्यामुळे जून ते सप्टेंबर डबी प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावी आणि कळ्या पुसूनच आत घालाव्यात.